‘ओपीडीत भागलं असतं’ म्हणून क्लेम नाकारला; अपिलाचं पत्र कसं लिहायचं?

माझ्या मिस्टरांना डेंग्यू झाला म्हणून इथल्याच एका हॉस्पिटलात तीन रात्री ठेवलं होतं. बिल 87,400 रुपये झालं. ते आम्ही भरलं आणि मग क्लेम टाकला. कंपनीचं उत्तर आलं: ‘रुग्णाची प्रकृती स्थिर होती, उपचार ओपीडीत करता आले असते, दाखल करणं मुख्यतः तपासण्यांसाठी होतं, सबब Excl04 नुसार दावा नामंजूर.’ टीपीएवाले, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणारी एजन्सी, म्हणतात, डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा पाठवा. डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या की ‘दाखल करणे गरजेचे होते’. एवढ्यावर होईल का? पत्र नेमकं कसं लिहायचं? आमच्याकडचे सगळे कागद सोबत पाठवतेय.
— एक वाचक, कोपरखैरणे

त्या दोन ओळींवर होणार नाही. ‘गरज नव्हती’ असं कंपनी म्हणते आणि ‘गरज होती’ असं डॉक्टर म्हणतात, एवढाच सामना राहिला तर कंपनी आपलंच म्हणणं धरून बसते. तुमच्या कागदांत याहून पुष्कळ काही आहे, फक्त ते डिस्चार्ज कार्डावर आलेलं नाही. कार्डावर लिहिलंय: ताप, अशक्तपणा, व्हायटल्स स्थिर, सलाइन व औषधोपचार, प्रकृती सुधारल्यावर घरी सोडले. क्लेम तपासणाऱ्याने एवढंच वाचलं असेल, तर त्याचा निष्कर्ष फार चुकीचा म्हणता येत नाही.

म्हणून पत्राला बसण्याआधी हॉस्पिटलच्या एमआरडीतून, म्हणजे रेकॉर्ड विभागातून, इनडोअर केस पेपरची संपूर्ण झेरॉक्स घ्या. तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी आणि ड्रग चार्ट आहेत, पण नर्सिंग चार्टची दोनच पानं आहेत आणि सलाइन-लघवीच्या मोजमापाचा चार्ट अर्धाच आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांच्या आत ही कागदपत्रं द्यावी लागतात. काउंटरवर ‘इन्शुरन्सवाल्यांनाच देतो’ असं सांगतील, तेव्हा या नियमाचा उल्लेख अर्जातच असलेला बरा.

आता पत्राचा सांगाडा. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या भागात ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ अशी व्याख्या सापडेल. ती विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे, त्यामुळे सगळ्याच कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसीत ती जवळपास सारखी असते. तिच्यात चार अटी आहेत. उपचार त्या आजारासाठी लागणारे हवेत. त्यांची व्याप्ती, कालावधी आणि तीव्रता गरजेपेक्षा जास्त नको. ते डॉक्टरांनी लिहून दिलेले हवेत. आणि वैद्यकक्षेत्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून हवेत. दावा ‘गरज नव्हती’ म्हणून नाकारला जातो तेव्हा भांडण याच चार अटींवर असतं. तेव्हा पत्रात चार मुद्दे करा, प्रत्येक अटीखाली तुमच्या फाइलमधला पुरावा आणि त्याचा पान क्रमांक द्या. नऊ वर्षं हप्ते भरले, एजंटने असं सांगितलं होतं, कंपनीने विश्वासघात केला, हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. वाचणारा वैद्यकीय अधिकारी त्या ओळी गाळून पुढे जातो आणि त्यांच्यात दडलेला कामाचा मुद्दाही त्यांच्याबरोबर गळतो.

चार मुद्द्यांच्या आधी Excl04 चा निकाल लावा, कारण तो तुमच्या बाबतीत सर्वांत सोपा आहे. हे कलम केवळ निदानासाठी किंवा तपासणीसाठी झालेल्या भरतीचा खर्च वगळतं, आणि चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा. तुमच्या मिस्टरांचा एनएस-1, म्हणजे डेंग्यूच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बुधवारी, तापाच्या तिसऱ्या दिवशीच पॉझिटिव्ह आला होता, आणि तो तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी बाहेरच्या लॅबमधून करून घेतला होता. भरती झाली शुक्रवारी. निदान भरतीच्या दोन दिवस आधी झालेलं असताना भरती निदानासाठी होती, असं म्हणता येत नाही. हॉस्पिटलात रोज झालेल्या रक्ततपासण्या हा उपचाराचाच भाग होता, कारण त्यांच्या आकड्यांवर सलाइनचा वेग बदलला गेला. हे कसं दाखवायचं ते पुढे येईलच. बुधवारचा तो रिपोर्ट मूळ क्लेमला जोडलेलाच नव्हता, असं तुमच्या यादीवरून दिसतं. तो आता पहिल्या पानावर लावा.

पहिला मुद्दा गरजेचा, आणि सगळं बळ इथे लावायचं. डेंग्यूत प्लेटलेट कमी होणं एवढ्यावर भरतीचं समर्थन उभं राहत नाही. बहुतेक अपिलं इथेच घसरतात, कारण घरच्यांच्या डोक्यात प्लेटलेटचाच आकडा बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणि आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्येही भर असतो तो धोक्याच्या लक्षणांवर: पोटात दुखणं, सतत उलट्या, पोटात किंवा छातीत पाणी साठणं, हिरड्या-नाकातून रक्त, कमालीची सुस्ती किंवा अस्वस्थता, यकृत वाढणं, आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असतानाच हिमॅटोक्रिट चढणं. यातलं लक्षण दिसलं की रुग्णाला दाखल करून देखरेखीखाली सलाइन द्यायचं, असा संकेत आहे.

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती टक्के आहे तो आकडा. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर पाझरतो, रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. मूळच्या आकड्यापेक्षा 20 टक्के वाढ झाली तर पाझर ठळक आहे असं धरतात. आता तुमचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. बुधवारी बाहेरच्या लॅबमध्ये हिमॅटोक्रिट 40, प्लेटलेट 1,42,000. शुक्रवारी सकाळी 11 वाजता भरतीच्या वेळी 44.8 आणि 68,000. त्याच संध्याकाळी 7 वाजता 48.2 आणि 52,000. चाळीसवरून 48.2 म्हणजे 8.2 ची वाढ, साडेवीस टक्के. शनिवारच्या सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी आणि पित्ताशयाची भिंत सुजलेली, असा शेरा आहे. डॉक्टरांच्या भरतीच्या नोंदीत ‘रात्रीपासून सहा उलट्या, पोटात दुखणे’ असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे धोक्याची चार लक्षणं कागदावर आहेत, आणि डिस्चार्ज कार्डावर त्यातलं एकही नाही.

पत्रात हा मुद्दा साधारण असा उतरेल:

‘मुद्दा 1. दाखल होण्याची गरज. शुक्रवारी सकाळी 11 वाजता दाखल होताना तापाचा पाचवा दिवस होता. (अ) आदल्या रात्रीपासून सहा वेळा उलट्या व पोटदुखी: भरतीची नोंद, पान 6. (ब) दाखल होताना हिमॅटोक्रिट 40 वरून 44.8, प्लेटलेट 1,42,000 वरून 68,000; याची पुष्टी त्याच संध्याकाळी 7 वाजता, हिमॅटोक्रिट 48.2, एकूण वाढ 20.5 टक्के, प्लेटलेट 52,000: पाने 1, 9 व 11. (क) पुढील पुष्टी, पोटात द्रव व पित्ताशयाच्या भिंतीला सूज: शनिवारची सोनोग्राफी, पान 15. ही धोक्याची लक्षणे असलेल्या डेंग्यूची चिन्हे असून अशा रुग्णाला दाखल करून उपचार करण्याची शिफारस आहे. यांपैकी कोणती नोंद कंपनीला अमान्य आहे व कोणत्या वैद्यकीय आधारावर, हे कृपया कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनीने पुन्हा नकार दिला तर त्या वाक्याला उत्तर आलेलं नाही, हे पुढच्या पायरीवर दिसतं.

एक बारकावा. सोनोग्राफी शनिवारची आहे, भरती शुक्रवारची. ‘शुक्रवारी तर पाणी दिसलंच नव्हतं’ असं म्हणायला जागा आहे. म्हणून भरतीचं कारण म्हणून उलट्या, पोटदुखी आणि चढता हिमॅटोक्रिट एवढंच सांगा. 48.2 हा आकडाही भरतीनंतर आठ तासांनी आलेला आहे, तेव्हा भरतीच्या क्षणी हातात असलेला आकडा 44.8, हे प्रामाणिकपणे वेगळं लिहा. संध्याकाळचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी ही त्या निर्णयाची पुष्टी म्हणून येऊ द्या.

याच मुद्द्याखाली ‘प्रकृती स्थिर होती’ याचंही उत्तर द्यायचं. भरतीच्या वेळी नाडी 108 आणि रक्तदाब 104/78 होता. हा शॉक नाही, आणि पत्रात शॉक किंवा ‘अत्यवस्थ’ असे शब्द अजिबात आणू नका. तुमचं म्हणणं वेगळं आहे: डेंग्यूत पाझर सुरू झाल्यावरही काही काळ रक्तदाब सांभाळलेला दिसतो, आणि सलाइन द्यायचं ते तो कोसळू नये म्हणूनच. तापाचा पाचवा-सहावा दिवस, ताप उतरू लागण्याची वेळ, हाच त्यातला जोखमीचा काळ असतो. रक्तदाब पडेपर्यंत थांबून मग दाखल करा, असं कोणतीच मार्गदर्शक सूचना सांगत नाही.

आता फाइलमधला एक खड्डा. शुक्रवारी दुपारी 2 च्या नर्सिंग नोंदीत ‘रुग्णाची तक्रार नाही’ असं लिहिलेलं आहे. कंपनीच्या माणसाला हे वाक्य हमखास सापडेल, तेव्हा ते आधी तुम्हीच काढा. ड्रग चार्टवर 12.30 ला उलटीचं इंजेक्शन दिल्याची नोंद आहे. ‘दुपारी 2 ची नोंद ही 12.30 च्या इंजेक्शननंतरची आहे (पान 13), संध्याकाळी 5.40 ला पुन्हा उलटी झाल्याची नोंद पान 14 वर आहे’ एवढी एक ओळ पुरे. असे विसंगत शेरे जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये असतात. लपवले तर ते वजनदार होतात.

दुसरा मुद्दा व्याप्ती आणि कालावधीचा. ‘ओपीडीत भागलं असतं’ याला खरं उत्तर इथे आहे, आणि ते सलाइनच्या चार्टवर सापडतं. धोक्याची लक्षणं असलेल्या डेंग्यूत सलाइन वजनावर मोजून देतात: सुरुवातीला एक-दोन तास दर किलोला ताशी 5 ते 7 मिलिलिटर, मग 3 ते 5, मग त्याहून कमी, आणि दर टप्प्यावर नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहून पुढचा वेग ठरवतात. मिस्टरांचं वजन 70 किलो नोंदलंय. शुक्रवारी संध्याकाळी 48.2 चा रिपोर्ट आल्यावर सलाइन ताशी 350 मिलिलिटर केलं आहे, म्हणजे किलोला 5. दोन तासांनी ते 210 वर आणलंय, म्हणजे किलोला 3. दरम्यान दर तासाला रक्तदाब आणि लघवीची नोंद आहे. हे घरी किंवा ओपीडीच्या खाटेवर होत नाही, आणि जास्त झालेलं सलाइन छातीत पाणी करतं म्हणून ते कमी करायलाही तिथे कुणीतरी लागतं. रिपोर्टची वेळ, सलाइन बदलल्याची वेळ आणि लघवीची नोंद, या तीन गोष्टी पत्रात एका खाली एक लिहा. तपासणी आणि उपचार यांचा सांधा त्यातून आपोआप दिसतो.

मग दिवसांचा हिशोब. तीन रात्रींपैकी पहिल्या दोन भक्कम आहेत. प्रश्न येईल तो रविवारच्या रात्रीवर, कारण त्या दिवशीच्या नोंदींत ‘बरे वाटते, जेवण घेतले’ असं आहे. त्या एका रात्रीसाठी वेगळा परिच्छेद लिहा. डेंग्यूचा रुग्ण घरी सोडण्याच्या आपल्या राष्ट्रीय निकषांत औषधाशिवाय किमान 24 तास ताप नसणं, भूक परत येणं, लघवी चांगली होणं आणि प्लेटलेट 50,000 च्या वर व चढत्या असणं, हे येतं. तापाच्या चार्टवर शेवटचा ताप शनिवारी रात्री 10 चा आहे, म्हणजे चोवीस तास रविवारी रात्री 10 लाच भरतात. रविवारच्या प्लेटलेट 46,000 होत्या, सोमवारी सकाळी 72,000 आल्या आणि दुपारी 2 ला डिस्चार्ज झाला. रविवारी निकष पुरे झाले नव्हते, सोमवारी झाले आणि त्याच दिवशी सोडलं. एवढं लिहून खाली जोडा: ‘एखाद्या विशिष्ट दिवसाबाबत आक्षेप असल्यास तो दिवस व कारण नमूद करावे.’ एका रात्रीच्या शंकेपोटी सगळं बिल नाकारणं त्यामुळे अवघड होतं.

उरलेले दोन मुद्दे झटपट उरकतात. भरतीचा सल्ला कुणी दिला ते दाखवायला फॅमिली डॉक्टरांची शुक्रवार सकाळची चिठ्ठी आहे, ‘उलट्या व पोटदुखी, त्वरित दाखल करावे’ अशी. ती आणि हॉस्पिटलच्या एमडी डॉक्टरांची भरतीची नोंद जोडा. मान्य पद्धतीच्या मुद्द्याखाली वर सांगितलेल्या मार्गदर्शक सूचनांतली धोक्याच्या लक्षणांची आणि डिस्चार्जच्या निकषांची तेवढीच पानं प्रिंट करून लावा. अख्खा दस्तऐवज कुणी उघडत नाही. प्लेटलेट चढवलेल्या नाहीत, अँटिबायोटिकचा मारा नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. उपचार बेताचेच होते, असं एका वाक्यात सांगा.

डॉक्टरांचं पत्र मात्र नव्याने घ्या. लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि आजची तारीख. त्यात दाखल करतानाची लक्षणं, त्या वेळचे आकडे, ओपीडीत उपचार का शक्य नव्हते आणि रविवारी का सोडलं नाही, एवढी चार उत्तरं हवीत, आणि ती सगळी केस पेपरवर असलेलीच हवीत. केस पेपरमध्ये नसलेलं लक्षण पत्रात उगवलं तर ते पश्चातबुद्धीचं ठरतं आणि खऱ्या लक्षणांवरही संशय येतो. डिस्चार्ज कार्ड अपुरं आहे म्हणून जुन्या तारखेचं नवं कार्ड करून देऊ, असं हॉस्पिटलमधून कुणी सुचवलं तर नको म्हणा. कंपनीकडे पहिली प्रत आहेच. दोन कार्डं समोर आली की प्रकरण फसवणुकीच्या कलमात जातं आणि पॉलिसीच धोक्यात येते. आजच्या तारखेची, डॉक्टरांच्या सहीची पुरवणी चालते.

हेच पत्र दुसऱ्या कुणी उचलून वापरण्याआधी एक बघावं: उलट्या नाहीत, पोटदुखी नाही, हिमॅटोक्रिट जागच्या जागी आहे आणि फक्त प्लेटलेट 80,000 म्हणून घाबरून भरती झाली असेल, तर या मांडणीला पाया नाही. तिथे गरोदरपण, वय किंवा प्रस्तावात आधीच जाहीर केलेला मधुमेह असं काही असेल तरच गरजेचा मुद्दा उभा राहतो.

पाठवण्याचं. पत्र दोन पानांचं ठेवा, पॉलिसीधारकाची, म्हणजे मिस्टरांची, सही घ्या. पहिल्या ओळीत पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नकाराच्या पत्राची तारीख आणि मागणी: 87,400 रुपयांचा दावा मंजूर करावा. सगळ्या जोडपत्रांना एकापासून सलग क्रमांक द्या, उजव्या कोपऱ्यात, पेनाने चालतील. मसुदा मराठीत करा, पण जाणारी प्रत इंग्रजीत असू द्या, कारण ती वाचणारा डॉक्टर महाराष्ट्रातलाच असेल असं नाही. टीपीएला फक्त प्रत पाठवा. नकाराचा निर्णय कंपनीचा असतो, म्हणून पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ईमेलने आणि स्पीड पोस्टने जाऊ द्या. ‘पुन्हा अपलोड करा’ म्हणणाऱ्या टीपीएच्या खिडकीत टाकलेले कागद तक्रार म्हणून नोंदले जातातच असं नाही, त्यामुळे तक्रार क्रमांक मागून घ्या. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच तक्रार टाकता येते. ती कंपनीकडेच जाते, पण नोंद नियामकाकडे राहते. 2024 च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्याआधी कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची मान्यता लागते. ती घेतली होती का, हेही एका ओळीत विचारून ठेवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपालाकडे जा. नवी मुंबई आता ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येते. ते ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावर जीवन चिंतामणी इमारतीत आहे, आणि तक्रार cioins.co.in वर घरबसल्याही भरता येते. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते, आणि त्याच वादावर ग्राहक आयोगात केस टाकलेली असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. तिथे नवं काही लिहायला बसू नका. हेच दोन पानी पत्र, हीच क्रमांक घातलेली फाइल आणि कंपनीचं उत्तर जोडा, आणि तुम्ही विचारलेल्या कोणत्या प्रश्नांना उत्तर मिळालेलं नाही त्यांवर खूण करा.